दोन फोटो, एकच स्कूटर वाटते: त्यातली नवी आवृत्ती कुठली ते ओळखण्याची रीत

माझा भाचा फोंड्याहून वेर्ण्याला कामाला जायला लागला तेव्हा बस बदलत बदलत त्याचे दोन तास जायचे. जुनी अॅक्टिव्हा घ्यायची ठरली. चवथीच्या आधीचे दिवस होते, विकणारेही बरेच होते. एका संध्याकाळी त्याने मला दोन फोटो पाठवले, एक म्हापशाचा, एक मडगावचा. दोन्ही गाड्या राखाडी, दोन्ही धुऊन पुसून उभ्या केलेल्या आणि दोन्हींखाली एकच मजकूर: ‘सिक्स-जी, २०२० मॉडेल’. किमतीत मात्र बराच फरक. त्याचा प्रश्न सरळ होता, “मामा, दोन्ही एकच तर स्वस्त घेऊया ना?”

दोन्ही एकच नव्हत्या. एक फाइव्ह-जी होती, म्हणजे आधीची आवृत्ती. ते फोटोवरूनच कसं कळलं ते इथे सांगतो. गोव्यात घरटी एखादी तरी स्कूटर असते, त्यामुळे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. उदाहरण अॅक्टिव्हाचंच ठेवतो, कारण तिचा चेहरामोहरा कंपनीने वर्षानुवर्षं फारसा बदललेला नाही. बाजूने बघितलं तर दहा वर्षांच्या गाड्या बहिणी-बहिणी वाटतात.

आधी वर्षांचा गोंधळ मिटवू. फाइव्ह-जी २०१८ मध्ये आली. सिक्स-जी जानेवारी २०२० मध्ये आली. देशात प्रदूषणाचा बीएस-६ हा नियम लागू झाला १ एप्रिल २०२० ला. म्हणजे २०२० च्या पहिल्या तीन महिन्यांत शोरूममधून दोन्ही बाहेर पडत होत्या, आणि जी फाइव्ह-जी त्या काळात नोंदली गेली तिच्या कागदावर ‘२०२०’ अगदी खरं लिहिलेलं असतं. विकणारा खोटं बोलतोय असंच नाही, त्याला स्वतःलाही माहीत नसेल. नोंदणीचं वर्ष, गाडी कारखान्यात बनली तो महिना आणि गाडीची आवृत्ती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो फक्त तिसरी सांगतो. एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं जातं.

फोटो हातात घेण्याआधी

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही माहितीही त्यातून निघून जाते. म्हणून विकणाऱ्याला तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. सोबत उजव्या बाजूचा, पूर्ण गाडी दिसेल असा, आठ-दहा पावलं मागे जाऊन काढलेला एक फोटो मागा. उजवी बाजू का, ते पुढे कळेल. जो फक्त शोरूमच्या जाहिरातीतला गुळगुळीत फोटो पाठवतो आणि गाडीचा खरा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याशी तुलना करत बसू नका.

मग फोटो उलटा तर नाही ना ते बघा. काही फोन आणि काही अॅप फोटो आरशासारखा फिरवून ठेवतात, आणि तसा फोटो दुसऱ्याशेजारी ठेवला की नसलेले फरक दिसायला लागतात. नंबरप्लेट झाकलेली असली तरी हरकत नाही. अॅक्टिव्हाचा सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, साइड स्टँड डाव्या. सायलेन्सर गाडीच्या डाव्या अंगाला दिसला तर फोटो उलटा आहे, आधी तो सरळ करून घ्या.

काय बघायचं नाही

नवखा माणूस आधी नावाची पट्टी वाचतो. ती दुकानात मिळते आणि गोंदाने चिकटते. मग तो आरसे, सीटचं कव्हर, पायाखालची मॅट, रंगाची चकाकी बघतो. यातलं काहीही मालक अर्ध्या तासात बदलू शकतो. गंज बघून वय काढायचं असेल तर तेही सोडा. किनाऱ्याजवळ उघड्यावर उभी राहिलेली दोन वर्षांची गाडी किनाऱ्यापासून दूर साखळी शहरातल्या आठ वर्षांच्या गाडीपेक्षा जास्त गंजलेली मी बघितली आहे.

हेडलाइटबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तिथे शहाणी माणसंही फसतात. फाइव्ह-जीपासून अॅक्टिव्हाला कंपनीचा एलईडी हेडलाइट आला, त्याआधीच्या फोर-जीला साधा बल्ब होता. म्हणून पांढरा उजेड दिसला की लोक म्हणतात, नवी गाडी. पण साध्या बल्बच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब कुणीही बसवतो. उजेडाचा रंग काही सिद्ध करत नाही. लाइट बंद असतानाचा फोटो मागा आणि काचेच्या आत बघा. मधोमध एकच बल्ब आणि त्याच्याभोवती चकचकीत वाटी असेल तर तो बल्बचाच साचा आहे, आत काहीही पेटत असो. आणि फाइव्ह-जी की सिक्स-जी या आपल्या प्रश्नात तर हेडलाइट काहीच कामाचा नाही, कारण एलईडी दोन्हींत मिळतो.

मला विचाराल तर मी एकच कसोटी लावतो: हा भाग बदलायला किती खर्च आणि किती खटपट? जितकी जास्त, तितका त्या भागावर विश्वास. पट्टीवर शून्य. चाकाचा आकार आणि त्याला धरणारा फोर्क यांच्यावर सगळ्यात जास्त, कारण ते बदलायचे तर पुढची अर्धी गाडी उघडावी लागते, आणि किमतीत फरक पाडण्यासाठी एवढं कुणी करत नाही.

पुढचं चाक

इथेच खरा निकाल लागतो. फाइव्ह-जीची दोन्ही चाकं दहा इंची आहेत, टायर पुढे-मागे सारखाच, 90/100-10. सिक्स-जीचं मागचं चाक तेच राहिलं, पण पुढचं बारा इंची झालं आणि टायर 90/90-12. हे आकडे टायरच्या बाजूला उठावाने लिहिलेले असतात. जवळून काढलेला स्पष्ट फोटो मिळाला तर वाचा आणि काम संपलं. बहुतेक वेळा तो मिळत नाही.

मग डोळ्यांनी अंदाज घ्यायचा मोह होतो: पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं दिसतंय का? मी पहिल्यांदा हेच केलं आणि चुकलो. मोबाइलने जवळून, पुढच्या कोपऱ्यात उभं राहून फोटो काढला की जे जवळ आहे ते फुगून दिसतं. दहा इंची चाकही बारा इंचीसारखं भरदार दिसतं. म्हणून दोन चाकं थेट एकमेकांशी ताडायची नाहीत. आधी प्रत्येक चाक स्वतःशीच ताडायचं.

हिशोब असा आहे. दहा इंची चाकात रिम लहान आणि टायरचा रबरी भाग जाड असतो. बारा इंचीमध्ये रिम मोठी आणि रबर त्या मानाने बारीक. टायरवरच्या आकड्यांवरून गणित केलं तर दहा इंची चाकाचा पूर्ण व्यास साधारण ४३४ मिलिमीटर येतो आणि बारा इंचीचा ४६७. म्हणजे पूर्ण चाकात फरक सातेक टक्क्यांचा, पण रिममध्ये वीस टक्क्यांचा. रिम मोठी झाली तेवढं चाक मोठं झालं नाही. त्यामुळे ‘रिम भागिले पूर्ण चाक’ हे प्रमाण बारा इंचीमध्ये दहा इंचीपेक्षा सुमारे एक दशांशाने जास्त निघतं. आणि हे प्रमाण कॅमेरा लांब असो की जवळ, बदलत नाही, कारण रिम आणि टायर दोन्ही कॅमेऱ्यापासून जवळपास एकाच अंतरावर असतात.

मोजायचं कसं? फोटो संगणकावर पेंटमध्ये उघडा. माउस फिरवला की खाली त्या जागेचे पिक्सेल दिसतात. गाडी फोटोत तिरकी आली असेल तर आधी फोटो सरळ करा. मग चाकाच्या मधल्या नटापासून सरळ खाली जा. पहिलं अंतर नटापासून रिमच्या खालच्या कडेपर्यंत, दुसरं नटापासून टायरच्या तळापर्यंत. पहिल्याला दुसऱ्याने भागा. हेच मागच्या चाकाचं करा.

खालीच का मोजायचं? वरचा भाग पुढे मडगार्डखाली आणि मागे बॉडीखाली दडलेला असतो. आडवं का नाही? गाडी जरा कोनात उभी असली की चाक आडवं दबून लंबगोल दिसतं, उभी मापं मात्र टिकून राहतात. उजव्या बाजूचा फोटो यासाठीच मागायचा. डावीकडे मागच्या चाकावर इंजिनाचं कव्हर येतं आणि नट दिसत नाही. उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो खरा, पण थोडी जागा शोधली तर माप निघतं. आणखी एक बारीक गोष्ट: गाडी मधल्या स्टँडवर असेल तर मागचं चाक जमिनीला टेकत नाही. तेव्हा जमिनीपर्यंत मोजू नका, टायरच्या तळापर्यंतच मोजा.

भाच्याचे दोन फोटो

म्हापशाच्या फोटोत गाडी अंगणात होती, फोटो पुढच्या कोपऱ्यातून काढलेला. पुढच्या चाकाची मापं आली: रिमपर्यंत ११७ पिक्सेल, तळापर्यंत १८२. भागाकार ०.६४. मागचं चाक: १०१ आणि १५८. भागाकार पुन्हा ०.६४.

मडगावचा फोटो रस्त्याच्या पलीकडून, किंचित मागच्या बाजूने काढलेला. पुढचं चाक: रिमपर्यंत १२१, तळापर्यंत १७१. भागाकार ०.७१. मागचं चाक: १०६ आणि १६६, म्हणजे ०.६४.

आता नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तर काय झालं असतं ते बघा. म्हापशाच्या फोटोत पुढचं चाक मागच्यापेक्षा पंधरा टक्के मोठं दिसत होतं, १८२ विरुद्ध १५८. मडगावच्या फोटोत जेमतेम तीन टक्के, १७१ विरुद्ध १६६. भाच्याने त्यावरूनच ठरवलं होतं की म्हापशाची नवी. प्रत्यक्षात उलटं होतं. म्हापशाच्या गाडीत दोन्ही चाकांचं प्रमाण एकच, म्हणजे दोन्ही दहा इंची, म्हणजे फाइव्ह-जी. मडगावच्या गाडीत पुढच्या चाकाचं प्रमाण एक दशांशाने जास्त, म्हणजे सिक्स-जी. बाकी सगळी किमया कॅमेरा कुठे उभा होता त्याची.

कुणी विचारेल, पुस्तकी गणिताने तर दहा इंचीचं प्रमाण ०.५९ च्या आसपास यायला हवं, मग ०.६४ कसं? टायरवर लिहिलेला इंचांचा आकडा टायर जिथे बसतो त्या जागेचा असतो. रिमची बाहेर दिसणारी कड त्याहून थोडी मोठी असते, म्हणून मोजलेलं प्रमाण वरच येणार. यासाठीच मी कुठलाही ठरीव आकडा पाठ करायला सांगत नाही. मागचं चाक दोन्ही गाड्यांत दहा इंचीच आहे, तीच तुमची मोजपट्टी. पुढच्याची तुलना तिच्याशी करा.

या मोजणीची मर्यादाही लक्षात ठेवा. कडा शोधताना एक-दोन पिक्सेल इकडेतिकडे होतातच. शंभर पिक्सेलच्या मापात दोन पिक्सेल म्हणजे दोन टक्के, ते चालतं, कारण आपण दहा-अकरा टक्क्यांचा फरक शोधतोय. पण फोटो इतका लहान असेल की रिमचं माप तीसच पिक्सेल येतं, तर दोन पिक्सेलची चूक सात टक्क्यांवर जाते. त्या फोटोवरून निकाल देऊ नका, मोठा फोटो मागा. टायरमध्ये हवा अगदी कमी असेल तर तळ दबतो आणि प्रमाण फसवं वाढतं. दबलेला टायर फोटोत दिसतो, तेवढं बघून घ्या.

दुसरा साक्षीदार

चाकाने सांगितलं तरी मी एका पुराव्यावर थांबत नाही. चाकाला धरणारा फोर्क बघा. सिक्स-जीला पुढे टेलिस्कोपिक सस्पेन्शन आहे, मोटरसायकलला असतं तसं: दोन सरळ नळ्या वरून येऊन थेट चाकाच्या नटापाशी संपतात. फाइव्ह-जीला जुनं बॉटम-लिंक. त्यात फोर्कची दांडी नटापर्यंत येत नाही. खाली एक आखूड सांधा असतो, नट त्या सांध्याला धरलेला असतो आणि शेजारी लहानसा शॉक. म्हापशाचा फोटो मोठा केल्यावर तो सांधा स्पष्ट दिसला. त्याच्या खाचेत तांबडी माती बसलेली होती, धुणाऱ्याचा हात तिथे पोचला नव्हता.

तिसरी जागा हँडलची. उजव्या मुठीजवळ सिक्स-जीला इंजिन चालू-बंद करण्याचा स्विच आहे, फाइव्ह-जीला नुसतं सेल्फचं बटण. आणि पेट्रोल कुठून भरायचं? फाइव्ह-जीला सीट उचलावी लागते, सिक्स-जीला झाकण बाहेर, सीटच्या मागे. विकणाऱ्याला ‘पेट्रोल भरतानाचा फोटो पाठवा’ म्हणायची गरज नाही, मागून वरच्या बाजूने काढलेला एक फोटो पुरतो. फोनवर बोलताना मी सहज विचारतो, “पेट्रोल भरताना उतरायला लागतं का हो?” उत्तर क्षणात येतं आणि त्यात कुणी खोटं बोलत नाही, कारण त्यामागे काय आहे ते बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

असणं आणि नसणं सारखं नाही

एक चूक मी अनुभवी लोकांनाही करताना बघतो. २०२३ च्या जानेवारीत अॅक्टिव्हाचा एच-स्मार्ट प्रकार आला. त्यात किल्ली घालायचं भोक नाही, त्या जागी फिरवायची गोल मूठ आणि खिशात ठेवायची स्मार्ट किल्ली. फोटोत ती मूठ दिसली तर गाडी २०२३ च्या आधीची नाही, हे पक्कं. पण किल्लीचं भोक दिसलं म्हणून गाडी २०२३ च्या आधीची ठरत नाही, कारण ही सोय फक्त वरच्या प्रकारात होती. साधा प्रकार किल्लीसकटच विकला जात होता. महाग प्रकारात आलेली गोष्ट दिसली तर ती तारीख सांगते, दिसली नाही तर काहीच सांगत नाही. चाकाचं तसं नाही: सिक्स-जीच्या सगळ्या प्रकारांना पुढे बारा इंचीच चाक होतं, म्हणून तिथे दहा इंची दिसणं हाही पुरावा.

कायद्याने सगळ्यांवर लादलेले बदल म्हणून जास्त भरवशाचे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिन चालू असताना कायम जळता असायला हवा, म्हणून त्यानंतरच्या गाडीच्या हँडलवर हेडलाइट बंद करायचा स्विच नाही. तुमचे दोन फोटो याहून जुन्या गाड्यांचे असतील तर आधी हा स्विच शोधा. नंबरप्लेटही तशीच तारीख सांगते, पण जपून. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा प्लेट कारखान्याकडूनच येते. जुन्या गाड्यांनाही ती नंतर बसवता येते, म्हणून तिच्यावरून गाडी नवी म्हणू नका. आणि प्लेट काळी, अक्षरं पिवळी असतील तर गाडी पर्यटकांना भाड्याने दिलेली आहे. आवृत्ती त्याने बदलत नाही, पण किंमत बदलायला हवी.

फोटो संपतो तिथे

आवृत्ती ठरली की आरसी मागा. उत्पादनाचा महिना-वर्ष त्यावर असतं, आणि कुठल्या प्रदूषण निकषाची गाडी आहे तेही. mParivahan अॅपवर गाडीचा नंबर घातला तर नोंदणीची तारीख दिसते. निकषाच्या जागी बीएस-४ असेल आणि विकणारा सिक्स-जी म्हणत असेल तर बोलणं तिथेच थांबवा, कारण सिक्स-जी मुळात बीएस-६ म्हणूनच आली. चासी नंबर कागदावरचा आणि गाडीवरचा एकच आहे ना ते गाडीपाशी उभं राहून बघायचं, त्याला फोटो चालत नाही.

म्हापशाच्या माणसाला भाच्याने फोन केला. तो भला माणूस निघाला. त्याने स्वतः दुसऱ्याकडून ‘सिक्स-जी’ म्हणूनच घेतली होती, पट्टी आधीच्याने चिकटवलेली. “पेट्रोल भरताना सीट उचलावी लागते?” भाच्याने विचारलं. “हो मग, कुठून भरणार?” पलीकडून उत्तर आलं. त्याने किंमत आठ हजारांनी उतरवली आणि भाच्याने तीच गाडी घेतली, फाइव्ह-जी म्हणून. ती पट्टी त्याने पहिल्या रविवारी हेअर ड्रायरने गरम करून काढली.